आजारपणाच्या रजेचा अर्ज : मराठीतून इंग्रजीत



महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला स्वतःच्या रजेसाठी इंग्रजी अर्ज लिहिण्याचे कारण उरले नाही. तो आपला अर्ज मराठीत लिहितो आणि तो मराठीतच वाचला जातो. तथापि नाशिक जिल्ह्यात नाशिकरोडचे भारत प्रतिभूती मुद्रणालय आहे, ओझरचा विमानांचा कारखाना आहे, सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहती आहेत, आणि तेथे कामाला जाणारी माणसे आसपासच्या खेड्यांत राहतात. त्यांच्यावर देखरेख करणारा अधिकारी पुष्कळदा परप्रांतातला असतो व त्याला मराठी वाचता येत नाही. अशा वेळी आजारी पडलेला कामगार मराठीत खरडलेला कागद घेऊन गावातील गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतो. हा कागद इंग्रजीत करून देणे वरवर पाहता पाच मिनिटांचे काम आहे. परंतु ते चुकले तर एका माणसाचा पगार कापला जातो, किंवा त्याच्याविषयी साहेबाच्या मनात खोटेपणाचा संशय कायमचा बसतो. म्हणून आजच्या भाषणात असा एकच अर्ज घेऊन तो शब्दशः पाहावयाचा आहे. ऐकताना व वाचताना सोय व्हावी म्हणून इंग्रजी वाक्ये येथे देवनागरीत दिली आहेत. अर्जात ती अर्थातच रोमन लिपीत लिहावयाची.

असा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. दिंडोरी तालुक्यातील एका गावचा मनुष्य सातपूरच्या एका कारखान्यात जुळणी विभागात कामाला आहे. महिन्याची १२ तारीख, रविवार. संध्याकाळी तो शाळेतील तरुण शिक्षकाच्या घरी येतो. सदऱ्याचे एका बाजूचे बटण सोडलेले आहे, कारण कापड अंगाला लागले की आग होते. तो म्हणतो, "गुरुजी, सायेब लई कडक हाये. मराठी कागद बघतबी न्हाई. तेवढं इंग्रजीत करून द्या." त्याच्या हातातील कागद असा आहे :

"मे. साहेब यांचे सेवेशी, मी आपला गरीब सेवक पायांवर डोके ठेवून विनंती करतो की, परवापासून माझ्या अंगावर नागीण उठली आहे व फार आग होते. डॉक्टरांनी आठ दिवस आराम सांगितला आहे. तरी मायबाप साहेबांनी कृपा करून मला उद्यापासून आठ दिवसांची रजा द्यावी व पगार कापू नये. घरची परिस्थिती गरिबीची आहे."

कागद प्रामाणिक आहे. त्यातील एकही शब्द खोटा नाही. तरीही शब्दाला शब्द ठेवून त्याचे भाषांतर केले तर साहेबाला तो जवळजवळ सर्वत्र खोटा किंवा उद्धट वाटेल. तरुण शिक्षकाने पहिल्या बैठकीत जे लिहिले ते पुढीलप्रमाणे होते : 'अ स्नेक हॅज रिझन ऑन माय बॉडी. यू शुड गिव्ह मी एट डेज लीव्ह फ्रॉम टुमॉरो. डू नॉट कट माय सॅलरी.' व्याकरणाच्या दृष्टीने या तीन वाक्यांत मोठा दोष काढता येणार नाही, आणि घोटाळा नेमका तेथेच आहे. वर्गात भाषांतर तपासताना शिक्षकाची नजर व्याकरणाच्या चुकीवर असते. येथे चूक व्याकरणाच्या पलीकडची आहे.

प्रथम 'द्यावी' हे क्रियापद घेऊ. मराठीत 'आवा' प्रत्ययाचे विध्यर्थी रूप दोन कामे करते. 'मुलांनी रोज अभ्यास करावा' यात कर्तव्य आहे. 'साहेबांनी रजा द्यावी' यात विनंती आहे. रूप एकच, परंतु बोलणारा कोण व ऐकणारा कोण यावरून अर्थ ठरतो. शाळेत मात्र आपण मुलांना 'करावा म्हणजे शुड' असे एकच समीकरण पाठ करून देतो, आणि पुढे तेच समीकरण अर्जात उतरते. 'यू शुड गिव्ह मी लीव्ह' या वाक्याचा इंग्रजी वाचकाला लागणारा अर्थ 'मला रजा देणे हे तुमचे कर्तव्य आहे' असा आहे. हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला त्याचे कर्तव्य सांगावे हे कोणत्याही भाषेत शोभत नाही, आणि कडक वरिष्ठाला तर ते मुळीच खपणार नाही.

विनंतीच्या 'द्यावी'ला इंग्रजीत जोड आहे ती 'मे' या साहाय्यक क्रियापदाची, आणि तीही कर्मणी प्रयोगात : 'आय मे काइंडली बी ग्रँटेड लीव्ह'. येथे साहेब कर्ता म्हणून वाक्यात येतच नाही. रजा 'मंजूर केली जावी' एवढेच म्हटले जाते. ती कोणी करावयाची हे साहेब जाणतोच. मराठीत 'साहेबांनी' हा कर्ता उघड घेणे हेच आदराचे लक्षण आहे. इंग्रजीत त्याच कर्त्याला वाक्याबाहेर ठेवणे हे आदराचे लक्षण ठरते. एवढा एक फरक मनात पक्का झाला तर अर्धे काम झाले.

गंमत अशी की, 'शुड' हा शब्द स्वतः उद्धट नाही. 'आय शुड बी ग्रेटफुल इफ यू वुड ग्रँट मी लीव्ह' या वाक्यात तोच शब्द आहे आणि वाक्य अत्यंत अदबीचे आहे. फरक असा की, येथे 'शुड' अर्ज करणाऱ्याला लागला आहे, साहेबाला लागलेला नाही. 'मी आभारी होईन' एवढाच त्याचा अर्थ. 'यू'ला लागला की हुकूम, 'आय'ला लागला की नम्रता, ही खूण लक्षात ठेवण्यास सोपी आहे.

आता मायन्याकडे वळू. 'सेवेशी', 'गरीब सेवक', 'पायांवर डोके ठेवून', 'मायबाप' हे सारे शब्द मायन्याचे आहेत. मायन्याचे भाषांतर करावयाचे नसते. एका भाषेतील मायन्याच्या जागी दुसऱ्या भाषेतील मायना ठेवावयाचा असतो. घरच्या पत्रातील 'शिरसाष्टांग नमस्कार' कोणी डोके, हात, गुडघे मोजून इंग्रजीत नेत नाही, त्यातलाच हा प्रकार. इंग्रज अमदानीतील सरकारी पत्रव्यवहारात 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' असा समारोप असे, आणि मोठमोठे इंग्रज अधिकारीसुद्धा एकमेकांना लिहिताना तो वापरीत. त्यात कोणी कोणाचा नोकर नव्हता. तो केवळ शिरस्ता होता. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवली, आणि असले मायने तिच्या हाताखालून गेले. आज ते लिहिण्याची गरज नाही. आरंभी 'सर' आणि शेवटी 'युअर्स फेथफुली' एवढा मायना कारखान्यातील अर्जाला पुरेसा आहे. 'युअर्स' लिहिताना शेवटच्या अक्षरापूर्वी वर स्वल्पविरामासारखे चिन्ह देण्याची खोड फार पसरली आहे. ते चिन्ह तेथे नाही.

कागद आणणाऱ्याला हे पटणे कठीण असते. आपण इतके लीन होऊन लिहिले आणि गुरुजींनी ते सारे गाळले, असे त्याला वाटते. त्याला असे समजावावे की, साहेबाच्या टेबलावर रोज असे अर्ज येतात आणि लीनतेचे शब्द तो वाचतच नाही. तो पाहतो ते एवढेच : हा माणूस किती तारखेपासून किती तारखेपर्यंत येणार नाही, कशामुळे, पुरावा काय, आणि परत केव्हा येणार. हे चार प्रश्न साहेबाला विचारावे लागू नयेत अशी व्यवस्था करणे, हीच इंग्रजी अर्जातील खरी अदब होय. 'काइंडली' हा शब्द संपूर्ण अर्जात एकदाच यावा, मागणीच्या वाक्यात. तीन ठिकाणी आला की तो गयावया वाटू लागतो, आणि कडक मनुष्य गयावया करणाऱ्याचा अर्ज अधिक बारकाईने तपासतो. 'थँकिंग यू इन ॲन्टिसिपेशन' हा शेवट तर टाळावाच. रजा मिळणार हे गृहीत धरून आगाऊ आभार मानण्यासारखे ते आहे.

यापुढचा शब्द 'नागीण'. तरुण शिक्षकाने ती 'स्नेक' केली. वाचणाऱ्याला वाटेल की सर्पदंश झाला. सर्पदंश झालेला मनुष्य तीन दिवसांनी स्वतः अर्ज पाठवतो हे पाहून साहेब काय समजेल हे सांगावयास नको. नागीण या रोगाचे वैद्यकीय नाव 'हर्पीज झोस्टर'. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतात आणि पुढे केव्हातरी त्याच मज्जातंतूच्या वाटेने शरीराच्या एका बाजूला फोडांचा पट्टा उठवतात. दोन टोके जुळली की माणूस दगावतो, हा समज निराधार आहे. परंतु ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशांना ओल्या फोडांच्या स्पर्शाने कांजिण्या होऊ शकतात. जुळणी विभागात माणसे खांद्याला खांदा लावून काम करतात. साहेबाने नाव नीट वाचले तर रजा देण्याचे कारण त्याला स्वतःलाच दिसेल. म्हणजे योग्य नावाने जे काम होते ते दहा विनवण्यांनी होत नाही.

योग्य नाव कोठून आणावयाचे? शब्दकोशातून आणू नये. डॉक्टरांच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच, त्याच अक्षरांत, अर्जात उतरवावे. दाखला हाती आल्याशिवाय अर्ज लिहावयास बसूच नये. दाखल्यात एक नाव आणि अर्जात दुसरे असले की दोन्ही कागदांचे वजन जाते, मग ती दोन्ही नावे एकाच रोगाची का असेनात. या बाबतीत जुना कोश दगा देतो याचे उत्तम उदाहरण 'देवी' या शब्दाचे आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. त्या काळी देवीचा रोग गावोगाव होता. खेड्यातील माणूस आजही मुलाच्या कांजिण्यांना 'देवी आल्या' म्हणतो. शिक्षकाने त्यावरून 'स्मॉलपॉक्स' लिहिले तर काय होईल? भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. जगात नसलेल्या रोगाचे कारण देऊन मागितलेली रजा कोण देईल? तेथे 'चिकनपॉक्स' हवे. 'डोळे आले' यात कोणी येत-जात नाही, ते 'कन्जक्टिव्हायटिस'. 'हिवताप' हा थंडीमुळे आलेला ताप नव्हे, तो 'मलेरिया'. आणि 'आई सिरियस आहे' हे आपण मराठीत बोलतो तसेच इंग्रजीत लिहिले तर आई गंभीर स्वभावाची आहे असा अर्थ होतो. तेथे 'सिरियसली इल' असे म्हणावे लागते.

काही दुखणी अशी असतात की त्यांचे नाव साहेबाला व त्याच्या कारकुनाला कळू नये असे रोग्याला वाटते. मूळव्याध आहे, स्त्रियांचे विकार आहेत. अशा वेळी खोटे नाव घालण्याचा मोह अर्ज लिहिणाऱ्याला होतो. ताप किंवा पोटदुखी लिहून मोकळे व्हावे असे वाटते. ते करू नये. 'आय ॲम अंडर मेडिकल ट्रीटमेंट, ॲज पर द सर्टिफिकेट एन्क्लोज्ड' एवढे लिहिले तरी चालते. म्हणजे उपचार चालू आहेत व दाखला जोडला आहे. अर्जात नाव नाही, पण असत्यही नाही.

आता या अर्जातील सर्वांत अवघड शब्दाकडे येऊ. तो दिसावयास सर्वांत सोपा आहे : 'आठ दिवस'. मराठीत 'आठ दिवसांनी ये' म्हणजे पुढच्या याच वारी ये. आज रविवार असेल तर पुढच्या रविवारी. आपण दोन्ही टोकांचे वार धरून आठ म्हणतो. मोजले तर ते सातच भरतात. 'पंधरा दिवस' यांचीही गोष्ट तीच. दोन आठवड्यांचे दिवस चौदा. गावच्या डॉक्टरांनी रोग्याला तोंडी 'आठ दिवस आराम कर' असे सांगितले, ते याच बोलीत. दाखला इंग्रजीत लिहिताना त्यांनी १२ ते १८ असे सात दिवस लिहिले. दोन्ही बरोबर आहेत. परंतु शिक्षकाने 'एट डेज' लिहिले, आणि तेही उद्यापासून, म्हणजे १३ पासून. १३ पासून आठ मोजले की २० तारीख येते. दाखला १८ ला संपतो, रजेची मागणी २० पर्यंत आहे. कडक साहेबाच्या दृष्टीने या माणसाने दाखल्याबाहेर दिवस लांबवले. तो २१ तारखेला कामावर गेला तर २० चा दिवस विनाकारण गैरहजेरीत पडेल.

म्हणून मोजणी कागदावर करावी. या कारखान्याची साप्ताहिक सुटी रविवारी आहे. १२ तारीख रविवार, ती सुटीच. तिच्यासाठी रजा मागावयाची नाही. १३ सोमवार ते १८ शनिवार, दोन्ही दिवस धरून सहा दिवस होतात. १९ रविवार पुन्हा सुटी. कामावर हजर होण्याचा दिवस २० सोमवार. बोलण्यातले आठ, दाखल्यावरचे सात आणि अर्जातले सहा, असा हा हिशेब आहे, आणि तिन्ही आकडे खरे आहेत. रजेच्या दोन्ही बाजूंच्या सुट्या रजेत मोजल्या जातात की नाही हे प्रत्येक आस्थापनेत एकसारखे नसते. आलेल्या माणसाला हे विचारून घ्यावे, त्याला बहुधा ठाऊक असते. तारखा लिहिताना 'बोथ डेज इन्क्लूसिव्ह' हे शब्द घालावे. 'ते' आणि 'पर्यंत' यांत शेवटचा दिवस आत की बाहेर, हा वाद मराठीतही होतो; इंग्रजी 'टिल'मध्येही होतो. या तीन शब्दांनी तो मिटतो.

'परवा' हाही शब्द असाच जपण्याचा आहे. तो मागेही जातो आणि पुढेही जातो. क्रियापद पाहिल्याशिवाय त्याची दिशा कळत नाही. 'परवापासून उठली आहे' येथे तो मागे गेला आहे, म्हणजे शुक्रवार १० तारीख. भाषांतरात 'परवा', 'काल', 'उद्या' यांपैकी एकही शब्द ठेवू नये. प्रत्येकाची तारीख करावी. अर्ज रविवारी लिहिला, सोमवारी पोहोचला आणि साहेबाने मंगळवारी वाचला, तर 'टुमॉरो' म्हणजे कोणता दिवस हे कोण सांगणार? शिवाय शनिवारी हा मनुष्य अंगाची आग सोसून कामावर होता, आणि ते हजेरीत आहे. दुखणे १० तारखेपासून आणि रजा १३ पासून असे स्वच्छ लिहिले, म्हणजे तो सहज रजा घेणारा नव्हे हे न बोलता दिसते. येथेच दुसरी एक शालेय चूक टाळावी. 'परवापासून आजारी आहे' यातील 'आहे' पाहून 'आय ॲम सफरिंग सिन्स' लिहिले जाते. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला 'आय हॅव बीन सफरिंग' हवे. निश्चित दिवस असेल तर पुढे 'सिन्स', आणि दिवसांची संख्या असेल तर 'फॉर'. 'सिन्स थ्री डेज' ही रचना चुकीची आहे.

राहिला 'पगार कापू नये'. हा वाक्यांश अर्जातून गाळावा, परंतु त्यामागील प्रश्न सोडू नये. पगार कापणे वा न कापणे बहुधा देखरेख करणाऱ्या साहेबाच्या मर्जीवर नसते. ते शिल्लक रजेवर अवलंबून असते. हा कामगार राज्य विमा योजनेखालील असेल तर त्याची वाट वेगळी आहे. त्या योजनेत अंशदानाच्या अटी पूर्ण असल्यास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के इतका लाभ वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पहिले दोन दिवस सामान्यतः सोडून. मात्र त्यासाठी योजनेच्या विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. गावच्या खाजगी डॉक्टरांचा दाखला तेथे सहसा पुरत नाही. म्हणून अशा माणसाला प्रथम हे विचारावे की, तुमचा विमा आहे काय? असल्यास सोमवारी सकाळी विम्याच्या दवाखान्यात जाऊन त्यांचा दाखला घ्यावा आणि मग त्यावरील नाव व तारखा यांप्रमाणे अर्ज लिहावा. गुरुजींनी एक प्रश्न विचारल्याने साहेबाला घातलेल्या विनवणीपेक्षा अधिक पैसे घरात येऊ शकतात. विमा नसेल तर अर्जात एवढेच लिहावे : 'द लीव्ह मे काइंडली बी ट्रीटेड ॲज लीव्ह ड्यू टु मी'. म्हणजे माझ्या खाती शिल्लक असलेल्या रजेतून ही धरावी. अर्थात मग 'काइंडली' वरच्या वाक्यातून काढावे लागेल.

आता हा मनुष्य विम्याखाली नाही आणि डॉक्टरांचा दाखला त्याच्या खिशात आहे असे धरून तरुण शिक्षकाने दुसऱ्या बैठकीत लिहिलेला अर्ज पाहू. विषयाची ओळ, 'ॲप्लिकेशन फॉर सिक लीव्ह', आणि तारखा वर आल्याच.

'सर, आय रिक्वेस्ट दॅट आय मे बी ग्रँटेड सिक लीव्ह फॉर सिक्स डेज, फ्रॉम मंडे द थर्टीन्थ टु सॅटर्डे द एटीन्थ, बोथ डेज इन्क्लूसिव्ह. आय हॅव बीन सफरिंग फ्रॉम हर्पीज झोस्टर सिन्स फ्रायडे द टेन्थ, अँड द डॉक्टर हॅज ॲडवाइज्ड मी रेस्ट फॉर सेव्हन डेज फ्रॉम द ट्वेल्फ्थ. हिज सर्टिफिकेट इज एन्क्लोज्ड. आय शॅल रिपोर्ट फॉर ड्यूटी ऑन मंडे द ट्वेन्टीएथ विथ अ फिटनेस सर्टिफिकेट. द लीव्ह मे काइंडली बी ट्रीटेड ॲज लीव्ह ड्यू टु मी. आय रिग्रेट द इन्कन्व्हीनियन्स टु द वर्क ऑफ द सेक्शन. युअर्स फेथफुली.'

सहा छोटी वाक्ये. मागणी पहिल्याच वाक्यात आहे. आपल्या मराठी वळणात आधी दुःख सांगून शेवटी मागणे येते. इंग्रजीत आधी मागणे आणि मग कारण. सहाव्या वाक्यातील 'विभागाच्या कामाला अडचण होईल याचे वाईट वाटते' हे मूळ कागदात नव्हते. ते शिक्षकाने विचारून घातले. "कामाचा खोळंबा होईल त्याचं काय?" असे विचारल्यावर तो मनुष्य लगेच म्हणाला, "व्हईल ना गुरुजी, त्याचंच तर जीवाला लागलंय." मूळ कागदातील गरिबीचे वाक्य गेले आणि त्याच्या जागी हे आले. गरिबी त्याची खरी आहे, परंतु तिचा रजेशी संबंध साहेबाने जोडावयाचा नाही. कामाच्या खोळंब्याचा संबंध मात्र सरळ आहे. बरे वाटल्याचा दाखला आणण्याचे कबूल केले आहे, हेही मोलाचे. शिक्षकांना ते नवीन नाही. १९८१ च्या रजा नियमांखाली वैद्यकीय कारणाने परिवर्तित रजा घेतल्यावर रुजू होताना प्रकृती बरी झाल्याचा दाखला त्यांच्याकडूनही घेतला जातो.

एक काम अजून राहते, आणि ते घाईत सुटते. ज्याला इंग्रजी येत नाही अशा माणसाची सही आपण इंग्रजी कागदावर घेत आहोत. त्या कागदात काय आहे हे त्याला पुन्हा मराठीत, वाक्यागणिक सांगावे. मूळ कागद वाचून दाखवू नये. इंग्रजी कागदावर बोट ठेवून तेथूनच मराठीत सांगावे, म्हणजे भाषांतरात काही निसटले असेल तर तेथेच उघडकीस येते. या प्रसंगी तसेच झाले. 'ट्वेन्टीएथ'ला हजर होईन हे ऐकल्यावर तो मनुष्य थबकला. त्याच्या हिशेबी रजा आठ दिवसांची, म्हणजे तो २१ तारखेला जाणार होता. शिक्षकाने दाखला पुढे केला, बोटांवर दिवस मोजले, आणि १८ पर्यंत फोड वाळले नाहीत तर काय करावयाचे तेही सांगितले : १७ तारखेलाच डॉक्टरांना दाखवावे, नवा दाखला घ्यावा आणि मुदत संपण्यापूर्वी वाढीव रजेचा अर्ज पाठवावा. मुदत उलटल्यावर आलेला अर्ज रजा वाढवण्याचा समजला जात नाही, तो गैरहजेरीची सबब समजला जातो.

सही झाली. हजेरीच्या कार्डावर नाव ज्या अक्षरांत आहे त्याच अक्षरांत ती आहे ना, हे शिक्षकाने पाहिले. अर्जाची एक प्रत त्याच्याजवळ ठेवण्यास सांगितली, आणि पोच घेतल्याची सही त्या प्रतीवर घ्यावयास सांगितले. मग साहेबाने समोर बोलावून विचारले तर काय उत्तर द्यावे म्हणून रोगाचे नाव आणि हजर होण्याचा वार त्याच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतला. 'हर्पीज झोस्टर' पहिल्या खेपेस 'हरपीस' झाले, दुसऱ्या खेपेस जमले. 'मंडे, ट्वेन्टीएथ' मात्र त्याला पहिल्यापासूनच येत होते.